निष्कर्ष बरोबर, कारण चूक; मग गुण का नाहीत?

तडजोड_नको: वकिलीच्या पात्रता परीक्षेच्या सराव संचातील हा प्रश्न पाहा. विक्रेत्याचा यंत्रविक्रीचा प्रस्ताव खरेदीदाराला 3 तारखेला पत्राने मिळाला. 4 तारखेला खरेदीदाराने स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले. 5 तारखेला त्याने विक्रेत्याला फोन करून स्वीकृती मागे घेतली. पत्र 6 तारखेला पोहोचले. भारतीय करार कायद्यानुसार खरेदीदार बांधला गेला का?

(क) होय, कारण पत्र टपालात पडताच दोघेही बांधले गेले.
(ख) होय, कारण टपालाने दिलेली स्वीकृती फोनवरून मागे घेता येत नाही.
(ग) नाही, कारण स्वीकृती खरेदीदाराविरुद्ध पूर्ण होण्याआधीच ती मागे घेतली गेली.
(घ) नाही, कारण पत्र पोहोचेपर्यंत दोघांपैकी कोणीच बांधलेले नव्हते.

मी (घ) निवडले आणि मला शून्य मिळाले. उत्तर (ग) आहे म्हणे. दोन्हींत ‘नाही’च आहे! हा शुद्ध शब्दच्छल आहे. न्यायालयात निकाल जिंकायचा असतो, कारण नव्हे.

दिवाणी_बाजू: शब्दच्छल हा आरोप वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. (घ) मध्ये सांगितलेला नियम कायद्यात नाही, आणि ते तपासायला एकच तथ्य बदलणे पुरेसे आहे. समजा, 5 तारखेचा फोन खरेदीदाराने नव्हे, विक्रेत्याने केला आणि तो म्हणाला, “माझा प्रस्ताव मी मागे घेतो.” तुमच्या (घ) नुसार त्याला तसे करता येईल, कारण पत्र अजून वाटेत आहे. कलम 4 मात्र सांगते की स्वीकृतीचे पत्र खरेदीदाराच्या हातून सुटून टपालात पडले, त्या क्षणी ती विक्रेत्याविरुद्ध पूर्ण झाली. कलम 5 प्रमाणे प्रस्ताव मागे घेण्याची मुदतही तिथेच संपते. म्हणजे 4 तारखेपासून विक्रेता अडकला आहे आणि खरेदीदार मोकळा आहे. ज्या कारणामुळे शेजारच्या प्रश्नाचे उत्तर उलटे येते, त्या कारणाला गुण का द्यावेत?

असे प्रश्न सोडवताना मी ‘करार झाला का’ असे विचारतच नाही. मागे कोण फिरू पाहतो आहे आणि त्याच्याविरुद्ध स्वीकृती कोणत्या तारखेला पूर्ण झाली, एवढेच कागदावर लिहितो. इथे मागे फिरणारा खरेदीदार आहे. त्याच्याविरुद्ध स्वीकृती विक्रेत्याला कळेल तेव्हा, म्हणजे 6 तारखेला पूर्ण होते. माघार 5 तारखेला कळली. प्रश्न तिथेच सुटला.

जुनी_सनद: क्षमस्व, पण (क) इतके सहज उडवून लावता येणार नाही. पत्र टपालात पडले की करार पूर्ण, हे 1818 च्या ‘ॲडम्स विरुद्ध लिंडसेल’पासून चालत आलेले तत्त्व आहे, आणि आम्हाला ते तसेच शिकवले गेले. शिवाय फोनचा मुद्दा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा 1966 चा भगवानदास केडिया खटला विसरून कसे चालेल?

दिवाणी_बाजू: आपले अर्धे म्हणणे मान्य आहे. इंग्रजी नियमात टपालाचा क्षण दोघांनाही बांधतो, असे साधारणपणे मानले जाते. आपल्या 1872 च्या कायद्याने तोच क्षण फक्त प्रस्ताव देणाऱ्यापुरता ठेवला आणि स्वीकारणाऱ्याला पत्र पोहोचेपर्यंत माघारीची मुभा दिली. (क) हा पर्याय इंग्रजी पुस्तक वाचून आलेल्यांसाठीच लावलेला सापळा आहे. केडिया खटल्यात स्वीकृतीच फोनवर दिली होती. ती खामगावहून बोलली गेली आणि अहमदाबादेत ऐकली गेली, म्हणून करार अहमदाबादेत झाला असे बहुमताने ठरले. आपल्या प्रश्नात फोनवरून आलेली आहे ती माघार. ती त्याच क्षणी कळली, एवढाच त्या फोनचा उपयोग.

जुनी_सनद: ‘सापळा’ हा शब्द जपून वापरावा. ज्या पिढीने ती इंग्रजी पुस्तके वाचली, तिने खटलेही चालवले आहेत.

नोकरी_शोधक: माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. एका कंपनीच्या नेमणूक पत्राला मी रात्री ईमेलने होकार दिला आणि सकाळी कार्यालय उघडण्याआधी नकार कळवला. त्यांनी सूचना कालावधीचे पैसे मागितले. या धाग्यानुसार मी सुटलो ना?

दिवाणी_बाजू: नाही, इतक्या घाईने तसे समजू नका. टपालात दोन दिवसांची फट असते, म्हणून मागाहून केलेला फोन पत्राला गाठू शकतो. ईमेल क्षणात पोहोचतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 13 नुसार प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणक यंत्रणेत संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते, अर्थात दोघांत वेगळे काही ठरले नसेल तर. तुमचे नेमणूक पत्र पाहिल्याशिवाय याहून अधिक बोलणे योग्य नाही.

नोकरी_शोधक: पण त्यांनी तो उघडलाच नव्हता! न वाचलेला होकार त्यांना ‘कळला’ कसा?

टाचणी: हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि दिवाणी_बाजू यांनी तो सोयीस्करपणे ओलांडला आहे. कलम 4 चा मजकूर म्हणतो, स्वीकृती प्रस्ताव देणाऱ्याच्या ‘ज्ञानात’ यावी. त्याच कलमाखालचे उदाहरण म्हणते, पत्र त्याला ‘मिळाले’ की पुरे. आता मूळ प्रश्नातील पत्र 5 तारखेला सकाळी विक्रेत्याच्या टेबलावर येऊन पडले, त्याने ते फोडले नाही, आणि दुपारी खरेदीदाराचा फोन आला असे धरा. मजकुराप्रमाणे माघार वेळेत आली, उदाहरणाप्रमाणे उशिरा. 4, 5, 6 अशा सुबक तारखा देऊन प्रश्नकर्त्याने ही अडचण लपवली आहे.

दिवाणी_बाजू: लपवली नाही, टाळली, आणि एकच उत्तर हवे असलेल्या प्रश्नात ती टाळावीच लागते. उदाहरण हा कलमाचाच भाग आहे, त्याला सहजासहजी बाजूला सारता येत नाही. पत्र न फोडणाऱ्याला त्या न फोडण्याचा लाभ देणे मला पटत नाही.

टाचणी: लाभ पत्र न फोडणाऱ्याला मिळत नाही, माघार घेणाऱ्याला मिळतो. आपण स्वतःच सांगितलेले ‘मागे कोण फिरतो आहे’ हे पहिले पाऊल इथे विसरलात. उदाहरण मजकूर समजावते, तो आकुंचित करत नाही.

दिवाणी_बाजू: ठीक आहे, लाभ कोणाला हा मुद्दा तुमचा. तरीही कलम 5 खालचे उदाहरण पाहा: पत्र पोहोचण्यापूर्वी किंवा पोहोचते त्या क्षणी माघार घेता येते, त्यानंतर नाही. तिथेही ‘पोहोचणे’च आहे, वाचणे नव्हे. दोन उदाहरणे एकाच बाजूला झुकत असतील, तर केवळ एका शब्दावर मी डाव लावणार नाही.

टाचणी: मी लावेन. परीक्षेत मात्र नियम ज्या शब्दांत छापला असेल, तेच शब्द तथ्यांना लावेन; ‘ज्ञान’ छापले असेल तर न फोडलेले पत्र म्हणजे ज्ञान नाही.

तडजोड_नको: आपण दोघे ठरवेपर्यंत विक्रेता यंत्र दुसऱ्याला विकून मोकळा होईल. बरे, (घ) मुळे विक्रेताही सुटतो हे माझ्या ध्यानात आले नव्हते, एवढे नाइलाजाने मान्य करतो. पण मग (ख) कोणत्या विद्वानासाठी ठेवला आहे? फोनने माघार घेता येत नाही, असे कोण मानतो?

जुनी_सनद: ज्या मार्गाने स्वीकृती गेली त्याच मार्गाने माघारही जावी, असे मानणारे पुष्कळ आहेत. कलम 5 मार्ग पाहत नाही, वेळ पाहते. हे मात्र आम्हालाही नीट शिकवले होते.