उत्तर: रात्री सारखा वाजणारा शुगरचा अलार्म

> आईचा अलार्म रात्रभर वाजतो, आता कुणी उठतही नाही. लिमिट ८० वरून ७० करू का?

करा, पण आधी रात्रीचा आलेख बघा. सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलं की दाबामुळे आकडा एकदम कोसळतो आणि कूस बदलल्यावर आपोआप वर येतो. खरी शुगर सहसा इतकी खडी उतरत नाही. शंका आली की बोटातून रक्त घेऊन तपासायचं. दाबाचाच प्रकार असेल तर लिमिट आणखी खाली नेऊ नका, पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडाला लावा.

आमच्याकडे खरा फरक पडला तो डॉक्टरांना विचारून दोन फोनची लिमिट वेगळी केल्यावर. बाबांचा फोन ७० ला वाजतो, ते स्वतः उठून ग्लुकोज घेतात. माझा ६० ला. तो वाजला म्हणजे त्यांना जाग आलेली नाही, म्हणून मी धावतेच. ५५ चा तातडीचा अलार्म दोन्हीकडे कायम चालू असतो.