मदत हवी आहे : मार्टात लेबलवर 425, बिलात 459, आणि वरून म्हणतात तुमचे पैसे वाचले

पांदणरस्ता
लवकर सांगा कोणी, उद्या परत तालुक्याला जाणं हाये. सोमवारी मार्टात धुण्याच्या पावडरचे तीन पुडे घेतले, रॅकवर पिवळ्या लेबलवर मोठ्ठं 425 लिहून होतं म्हणून तर घेतले, नाहीतर आमच्या गावातल्या दुकानात भेटतेच. घरी येऊन बिल पाह्यलं तर एका पुड्याचे 459. तीनाचे 102 रुपये जास्त घेतले सरळ. काउंटरवर गर्दी होती, पोरगा टुक टुक करत होता, मी काही पाह्यलं नाही. आता तक्रार कुठं करायची ते सांगा, आणि पैसे वापस भेटतात का नाही?

कपाशीवाला
एमआरपी किती हाये पुड्यावर? ते तर लिहिलंच नाही.

पांदणरस्ता
एमआरपीचा काय संबंध भाऊ, मी लेबलचं म्हणून राह्यलो. लेबल 425, बिल 459.

कपाशीवाला
संबंध कसा नाही. एमआरपीच्या वर घेतलं तर गुन्हा. एमआरपीच्या आत असलं तर दुकानदार 425 ले दे का 459 ले दे, त्याची मर्जी. डिस्काउंट म्हणजे त्याच्या मनाची गोष्ट. सोडून द्या, 102 रुपयासाठी 60 रुपये तिकीट घालवता काय.

नळावरची_शांता
अहो जीएसटी लावला असेल खाली. माझ्या बिलावर पण शेवटी जीएसटीचा वेगळा तक्ता येतो, लेबलची किंमत बिना टॅक्सची असते.

जुना_ताजवा
शांताताई, तसं नसतं. पाकिटबंद मालाच्या एमआरपीत सगळे टॅक्स धरलेले असतात, पुड्यावर तसं लिहिलेलंही असतं. डिस्काउंटची किंमत त्याच्यातूनच कमी केलेली. बिलाच्या खालचा तक्ता म्हणजे दिलेल्या पैशात टॅक्स किती होता त्याचा हिशोब, तो वरून जोडत नाहीत. सगळ्या ओळींची बेरीज करून पहा, तेवढ्यातच टोटल जमते.

पांदणरस्ता, मी सहा वर्षं अमरावतीच्या एका मार्टात माल लावायचं काम केलं, लेबलंपण लावली, आता स्वतःचं किराणा आहे. तीन गोष्टी सांगा, मग बोलू. एक, तिन्ही पुड्यांवरची एमआरपी, प्रत्येकाची वेगळी पहा, एक पाहून तीन धरू नका. दोन, बिलावर त्या ओळीत एमआरपी काय छापली आहे. तीन, लेबलवर 425 च्या वर बारीक अक्षरात काय होतं.

उन्हाळी_भुईमूग
मी पण विचारतो इथंच. युरियाची गोणी 266.50 ची, कृषी केंद्रवाला म्हणते सोबत दुसऱ्या खताची बॅग घ्या नाहीतर युरिया नाही. हे एमआरपीच्या वर नाही झालं काय?

कपाशीवाला
भुईमूग भाऊ तुमचा प्रश्न वेगळा, त्याले लिंकिंग म्हणतात. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याले लेखी द्या. पण वेगळा धागा काढा ना, इथं पावडरचं चालू हाये.

पांदणरस्ता
पाह्यले पुडे. दोनावर 540 हाये आणि एकावर 500!! हे कसं काय? एकाच रॅकवरून घेतले, सारखेच दिसतात, वजन पण तेच. बिलात एमआरपी 540, रेट 459, नग 3, टोटल 1377. आणि खाली "आपली बचत 243" म्हणून. लेबलचा फोटो हाये, घरच्यांनी व्हॉट्सॅपवर विचारलं होतं कोणती आणू म्हणून तेव्हा काढला होता, पण बारीक अक्षर वाचता नाही येत, झूम केलं की फुटते.

कपाशीवाला
पाहा, 459 हे 500 च्या पण आत हाये. कायद्यानं काहीच नाही. मी म्हटलंच होतं.

खवा_जिलेबी
540 हे स्टिकर चिकटवलेलं आहे की पुड्यावरच छापलेलं? कारण जुन्या किमतीवर वाढीव किमतीचं स्टिकर लावता येत नाही. कमी किमतीचं लावता येतं, पण मूळ छापलेली एमआरपी झाकायची नाही. नखानं खरवडून पहा.

पांदणरस्ता
छापलेलंच हाये, मागच्या बाजूला काळ्या ठिपक्याठिपक्याच्या अक्षरात, पॅकिंगच्या महिन्याच्या खाली. 500 वाल्याचा महिना चार महिने जुना हाये.

जुना_ताजवा
मग उलगडलं. नीट वाचा, कारण तुमचे 102 म्हणजे दोन वेगवेगळी भांडणं आहेत.

कंपनीनं किंमत वाढवली, 500 ची 540 केली. पण बारकोड तोच ठेवला, बहुतेक कंपन्या ठेवतात. बारकोडमध्ये किंमत नसतेच, 890 पासून सुरू होणारा नुसता वस्तूचा नंबर असतो. मशीन तो नंबर वाचते आणि दुकानाच्या कॉम्प्युटरला विचारते की याचे किती. कॉम्प्युटरात जे भरलं आहे ते बिलात येतं, पुड्यावर काय छापलंय ते मशीनला दिसत नाही. (भाजी, काजू-किसमिस दुकानातच वजन करून स्टिकर लावतात त्याचं वेगळं, त्या बारकोडात वजन नाहीतर किंमत घातलेली असते.)

आता दोन लॉट एकाच वेळी दुकानात असले की बऱ्याच मशीनवर स्क्रीनवर दोन ओळी येतात, एमआरपी 500 आणि एमआरपी 540, आणि पोऱ्यानं पुडा उलटा करून बघून निवडायचं असतं. गर्दीत कोण बघतो. वरची ओळ नव्या मालाची असली की एंटर मारून मोकळा. तुमच्या बाबतीत नग 3 आहे, म्हणजे बहुतेक त्यानं एकच पुडा टुक केला आणि तीन आकडा दाबला. जुना पुडापण नव्याच्या भावात गेला.

डिस्काउंट दोन्हीवर 15 टक्के आहे. 500 वर 15 टक्के म्हणजे 425, 540 वर 459. म्हणजे लेबल जुन्या लॉटचं आणि कॉम्प्युटर नव्या लॉटचा. रात्री नाहीतर सकाळी किंमत बदलली की लेबलांची पट्टी छापून निघते, ती पोरांनी दुकान उघडायच्या आधी बदलायची असते. तेवढ्यात मालाची गाडी येते. माझ्याकडून पण राहिली आहेत, खोटं का बोलू.

म्हणून 500 वाल्या पुड्याचे 34 रुपये ते नाही म्हणूच शकत नाहीत, त्यांच्याच हिशोबानं तो 425 चा. "बचत 243" च्या ओळीवर बोट ठेवा. तुमच्याजवळ 500 आणि दोन 540, म्हणजे 1580 ची एमआरपी, दिले 1377, बचत 203 झाली. बिल 243 म्हणते, 40 जास्त, कारण त्यांनी तिन्ही पुडे 540 चे धरले. चूक त्यांच्याच कागदावर छापून आहे. बाकी दोन पुड्यांचे 68 रुपये हे लेबलचं भांडण, ते थोडं कठीण.

रात्रपाळी_काउंटर
मी आताच बिलिंगचं काम करते, यवतमाळ जिल्ह्यातच. पोऱ्याले शिव्या देऊ नका. आमच्या इथं रांग मोठी झाली की मॅनेजर मागून ओरडते, आणि फरक निघाला तर आमच्या पगारातून. ताजवा दादा म्हणून राहिले ते बरोबर हाये, दोन ओळी येतात. पण आमच्या मशीनवर तर येतच नाहीत, शेवटी आलेल्या मालाची एकच किंमत राहते, जुना माल कितीही असो. तेव्हा आम्हाला हातानं बदलता पण येत नाही, सुपरवायझरचा पासवर्ड लागते.

जुना_ताजवा
हे खरं आहे, काही ठिकाणी तसंही असतं. आणि ते जास्त वाईट. समजा डिस्काउंट नसता तर 500 चा पुडा 540 ला गेला असता, तेव्हा मात्र कपाशीवाला म्हणतात तो गुन्हा सरळच. छापलेल्या एमआरपीच्या वर घेणं, मशीननं केलं तरी दुकानानंच केलं.

कपाशीवाला
पण 68 रुपयाचं काय? लेबल म्हणजे काय कायदा हाये का? काउंटरवर 459 दिसले, पैसे दिले, सौदा झाला. आमच्या बाजारात मापारी बोलते एक आणि पट्टी निघते दुसरी, तिथं कोण जाते विचाराले.

खवा_जिलेबी
सौदा तेव्हा, जेव्हा ग्राहकाला किंमत दाखवून विचारलं. यांनी स्क्रीन पाहिलीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये तक्रार कशाची करता येते त्यात पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं आहे, तसंच दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं पण आहे. रॅकवरचं लेबल म्हणजे ठरलेली किंमत, असं माझं मत.

कपाशीवाला
तुमचं मत. दुकानाचा वकील म्हणन लेबल म्हणजे नुसतं बोलावणं, सौदा काउंटरवरच होते.

जुना_ताजवा
यावर दोघं भांडत बसाल. मी एवढंच सांगतो, वैध मापन शास्त्रवाल्यांकडे 68 साठी जाऊ नका, ते मुख्यतः वजन-माप आणि छापील एमआरपी बघतात, लेबलचं डिस्काउंट नाही. आधी दुकानात बिल, तिन्ही पुडे आणि फोटो घेऊन जा. नाही ऐकलं तर 1915 वर फोन लावा, ती ग्राहक हेल्पलाइन. मोठ्या साखळीचं दुकान असलं तर बरेचदा तेवढ्यानं हलतात. एखाद्या गावच्या मालकाचं मार्ट असलं तर सांगता येत नाही. पुडे फोडले नाहीत ना?

पांदणरस्ता
एक फोडला. 540 वाला. घरी धुणं पडून होतं.

नळावरची_शांता
बस स्टँडवर पाण्याची बाटली 20 ची 25 ला देतात, थंड केल्याचे पाच म्हणे. त्याचं कोणी काही करत नाही.

खवा_जिलेबी
ताई ते थंड केल्याचे पैसे घेता येत नाहीत. तेच तर एमआरपीच्या वर घेणं, तिथं वैध मापन चालतं.

पांदणरस्ता
आज जाऊन आलो. आधी मॅनेजर म्हणे तुम्ही बिल तपासून घ्याले पाहिजे होतं. मग जुना पुडा टेबलवर ठेवला, 500 दाखवले, आणि बचत 243 वर बोट ठेवलं. त्यानं स्वतः कॅल्क्युलेटर काढला, दोनदा केलं, आणि 34 रुपये दिले, नगदी नाही, क्रेडिट नोट, पुढच्या खरेदीत वापरा म्हणे. दोन पुड्यांचं नाही म्हटलं. फोटो दाखवला तर म्हणे ते लेबल कालच काढलं. रॅकवर जाऊन पाह्यलं तर खरंच 459 चं नवीन लेबल होतं, पण एमआरपी 500 वाले चार पुडे मागं अजूनही होते. आता त्या चारांचं लेबल कुठं हाये?

जुना_ताजवा
ते चार पण 459 ला जातील. 500 च्या आत आहेत, म्हणून कोणी बोलणार नाही. तुम्ही घेणार असाल तर एकेक वेगळा टुक करायला लावा, आणि स्क्रीनवर एमआरपी 500 दिसल्याशिवाय पिशवीत टाकू देऊ नका.

उन्हाळी_भुईमूग
कृषी अधिकारी सुट्टीवर हाये. आता लेखी कोणाले देऊ?

पांदणरस्ता
1915 लावला, तक्रारीचा नंबर दिला त्यांनी, 68 रुपयाची. तिकिटाचे 60 गेले आज. कपाशीवाला भाऊ हसू नका.

कपाशीवाला
हसत नाही. काही आलं तर सांगा इथं, मले पण एक बिल पाहाचं हाये घरी.