मदत हवी आहे: शेकची नोंद करताना नुसती पावडर धरायची की पाण्यासकट?

भुसावळकर: रात्रपाळीला डब्याऐवजी शेक घेतो. डब्यावर लिहिलंय: २ स्कूप म्हणजे ५० ग्रॅम, २५० मिली पाण्यात. १०० ग्रॅम पावडरीला ४०० कॅलरी. शेकर ३०० च्या रेघेजवळ भरला, म्हणून अॅपमध्ये ती पावडर निवडून ३०० टाकलं. दाखवलं १२००! शेवभाजी-भाकरी पोटभर हाणली तरी एवढ्या होत नसतील. चुकतंय कुठे?

केळीवाला_रावेर: भो, पाणी वाढव. अर्ध्या लिटरमध्ये कर, कॅलरी निम्म्यावर येतील.

धुळेकर_ताई: निम्म्या होतील, पण फक्त दर १०० मिलीमागे. शेकर पूर्ण संपवला तर पोटात जायचं तेवढंच जातं. पाण्याच्या कॅलरी शून्य.

भुसावळकर, तुम्ही ३०० मिली शेक पावडरीच्या खात्यात टाकलात, म्हणून अॅपने ३०० ग्रॅम पावडर धरली. तिथे ५० लिहा, २०० येतील. अॅपमध्ये 'तयार शेक, १०० मिलीला' अशी नोंद असेल तर मात्र मिली टाकायचे. तुमचं मिश्रण साधारण २८५ मिली भरेल, म्हणजे १०० मिलीला ७० च्या आसपास कॅलरी. त्या नोंदीत याहून फारच वेगळा आकडा दिसला तर ती कुणीतरी दुसऱ्याच प्रमाणाने भरलेली आहे, घेऊ नका.

आणि स्कूप सपाट घेता की शिगोशीग? सुरीच्या पाठीने वरचं सारून बघा.

चाळीसगाव_ट्रक: माझं पण सांगा. एनर्जी ड्रिंकचा २५० मिलीचा कॅन, १०० मिलीला ४५ कॅलरी. मी बर्फ टाकून पितो, ग्लास ३३० पर्यंत जातो.

धुळेकर_ताई: दादा, कॅनवरचे २५०च लिहा, ११२ होतात. ३३० लिहिलंत तर बर्फाच्या पाण्यालाही साखरेचा हिशोब लागेल, १४८ दिसतील. पाण्याची नोंद वेगळी ठेवत असाल तर बर्फ तिकडे धरा.

भुसावळकर: सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मित्राकडून आणला. वाटी ठेवून शून्य केला, नेहमीसारखे दोन स्कूप टाकले: ५८ ग्रॅम! सपाट केल्यावर ५१. म्हणजे इतके दिवस २०० नाही, २३२ चालले होते. रविवारी मात्र दुधात करतो, त्याचं काय?

धुळेकर_ताई: दूध वेगळं नोंदवा. फक्त आधी तक्ता नीट वाचा. एखाद्या डब्यावर 'दुधासह' असा दुसरा रकाना असतो. तो आकडा घेतलात तर दूध त्यातच आलं, पुन्हा धरू नका. तिथे कुठलं दूध, किती, हेही बघा. घरचं म्हशीचं असेल तर तो आकडा कमी पडेल.

भुसावळकर: घरी म्हशीचंच आहे. मग वेगळंच लिहितो. मागच्या बारा दिवसांचे आकडे दुरुस्त करू का?

केळीवाला_रावेर: जाऊ दे ना भो, आजपासून नीट लिही.

धुळेकर_ताई: १२०० वाल्या नोंदी तरी बदला, सरासरी पार बिघडते त्यांनी. ३२ चा फरक मीही सोडून दिला असता.