प्रतिसाद: सरासरी शंभर, तरीही आकाशगंगा रिकामी?

«ड्रेकचे समीकरण एकच असताना कुणी लाखो संस्कृती सांगतो, कुणी आपण एकटेच आहोत म्हणतो, असे का?»

आकाशगंगेत संपर्क साधू शकणाऱ्या किती संस्कृती असतील, याचा अंदाज अनेक घटकांच्या गुणाकारातून बांधणारे समीकरण खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली मांडले. त्यातील ताऱ्यांच्या निर्मितीचा दर आणि ग्रहांचे प्रमाण आता बऱ्यापैकी मोजता येते. परंतु निर्जीवातून जीव उद्भवण्याच्या शक्यतेसाठी आपल्याकडे पृथ्वी हे एकच उदाहरण आहे. खरी अडचण मात्र प्रत्येक अज्ञात घटकाला एकच ठाम आकडा देण्यात आहे, असे माझे मत आहे.

सँडबर्ग, ड्रेक्सलर आणि ऑर्ड या संशोधकांनी २०१८ साली दिलेले उदाहरण पाहा. नऊ घटक प्रत्येकी ०.१ धरले, तर गुणाकार एक अब्जांश येतो आणि १०० अब्ज ताऱ्यांमागे सरासरी १०० संस्कृती निघतात. मग आकाशातून कुणाचाही संकेत न येणे अनाकलनीय वाटते. आता प्रत्येक घटक ० ते ०.२ यांमध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने असू शकतो असे मानू. सरासरी तीच, म्हणजे १००, राहते. तरीही आकाशगंगा पूर्ण रिकामी असण्याची शक्यता सुमारे २१ टक्के निघते, कारण काही घटक एकाच वेळी लहान निघाले की गुणाकार कोसळतो आणि सरासरीचा भार मोजक्या, फार मोठ्या उत्तरांवर पडतो.

जीवोत्पत्तीबाबतची अनिश्चितता तर याहून कितीतरी पटींनी मोठी आहे. त्यामुळे 'मग ते सगळे कुठे आहेत?' हा भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचा प्रश्न ज्या अपेक्षेतून उभा राहतो, ती अपेक्षाच मुळात भक्कम नाही.