मदत हवी आहे: झिरो बिल येणाऱ्या घराला अचानक १,७१२ रुपयांचं लाईट बिल (वडगाव, बेळगाव)

वडगावकर
मंडळी, घर वडगावात. मी, बायको, आई. फ्रिज, दोन पंखे, टीव्ही आणि सकाळी गिझर, एवढंच. कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना सुरू झाल्यापासून आम्हाला झिरो बिल येतंय. २०२२-२३ ची आमची सरासरी १४० युनिट होती, त्यावर दहा टक्के धरून कोटा १५४ चा बसला.

या महिन्यात ३ तारखेला रीडर बिल देऊन गेला. मागचं रीडिंग ८२६५, आताचं ८४७३, वापर २०८. दोनशेच्या वर गेलं म्हणून सवलत गेली आणि सगळीच युनिटं अंगावर आली. आज ७ तारीख. सेक्शन ऑफिसात गेलो तर खिडकीवरचे म्हणाले, आधी भरा, मग अर्जी द्या. मीटर बिघडलाय असं धरून टेस्टिंगला द्यावा का? न भरल्यास लाईट तोडतील का? आईचं नेब्युलायझर असतं, म्हणून घाबरतोय.

चंदगडी
सोपं आहे. महावितरणच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः रीडिंगचा फोटो टाका.

वडगावकर
दादा, आम्ही कर्नाटकात. महावितरण सीमेच्या पलीकडे.

चंदगडी
अरे हो. बेळगाव वाचलं तरी हात आपोआप तिकडेच जातो. माफी.

खानापूरवाला
काही करू नका. रीडर चुकला असेल तर पुढच्या महिन्यात आपोआप जुळतं की. पुढचं बिल ८४७३ पासूनच मोजणार, तेव्हा तेवढी युनिटं कमी येतील.

निवृत्त_सेक्शनवाला
वडगावकर, आधी एक सांगा. आत्ता मीटरवर आकडा किती आहे? स्क्रीनवर व्होल्टेज, तारीख, लोड असं बरंच काही फिरत असतं. ज्या आकड्याशेजारी kWh येतं तोच बघा.

वडगावकर
आत्ताच खाली जाऊन बघितलं. ८४३२.

निवृत्त_सेक्शनवाला
मग मीटर टेस्टिंगला देऊ नका. फी जाईल, वेळ जाईल आणि मीटर बरोबर निघेल. ३ तारखेला ८४७३ होतं असं बिल म्हणतंय आणि ७ तारखेला मीटर ८४३२ दाखवतोय. मीटर उलटा फिरत नाही. म्हणजे चूक वाचणाऱ्याची.

तुमचा रोजचा वापर पाचेक युनिट धरला, तर चार दिवसांपूर्वी आकडा ८४१३ च्या आसपास असणार. ८४१३ आणि ८४७३ शेजारी लिहून बघा. या स्क्रीनवर १ आणि ७ मध्ये फरक फक्त वरच्या आडव्या रेघेचा असतो. काच धुळीची असली, बोळ अंधारी असली की १ चा ७ होतो. मीसुद्धा नोकरीत असताना असं केलंय. म्हणजे खरा वापर १४८ युनिट, तुमच्या कोट्यात, बिल झिरोच.

खानापूरवाल्यांचं अर्धं खरं आहे. युनिटं पुढच्या महिन्यात जुळतील. समजा खरे १५० जळले, तर मीटर ८५६३ वर येईल आणि बिलात ९० युनिटच दिसतील. पण ते ९० तसेही फुकटच होते! मिळालेली साठ युनिटांची सूट तुमच्या काय कामाची? या महिन्याचे पैसे मात्र गेले ते गेलेच. गृहज्योतीवाल्यांनी म्हणूनच गप्प बसू नये.

आणि घाई करा. मीटर रोज पाच युनिट पुढे सरकतोय. आठ दिवसांत तो ८४७३ ओलांडेल आणि तुमचा सगळ्यात मोठा पुरावा संपेल. मीटरचा नंबर, kWh चा आकडा आणि मीटरवरचीच तारीख, तिन्ही दिसतील असा फोटो आजच काढा. एका फोटोत मावलं नाही तर व्हिडिओ घ्या.

मागवाला
आमच्या यंत्रमागाच्या मीटरला दोन वर्षांपूर्वी असंच झालं. तीनदा गेलो, भांडलो, शेवटी भरलं. काही उपयोग नाही बघा.

निवृत्त_सेक्शनवाला
मागवाले, लेखी दिलं होतं का?

मागवाला
तोंडी. खिडकीवरच.

निवृत्त_सेक्शनवाला
तिथंच घोळ झाला. खिडकीवरच्या माणसाला बिल बदलायचा अधिकार नसतो. अर्जी सेक्शन ऑफिसरांच्या नावे द्या, दोन प्रती. एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन घरी आणा. मजकूर एवढाच ठेवा: आर. आर. नंबर अमुक, ३ तारखेच्या बिलात रीडिंग ८४७३, ७ तारखेला मीटरवर ८४३२, फोटो जोडला आहे, कृपया चेक रीडिंग घेऊन बिल दुरुस्त करावं. रीडरवर आरोप नको, "फसवणूक" हा शब्द तर नकोच. माणूस चिडला की कागद खाली जातो.

सीमावासी
अर्जी मराठीतच द्या. आपला हक्क आहे.

निवृत्त_सेक्शनवाला
हक्काची चर्चा वेगळ्या धाग्यात करू. बिल या महिन्यात दुरुस्त व्हायला हवं असेल तर कन्नडमध्ये लिहून घ्या, खाली मराठी जोडा. टेबलावरच्या माणसाला वाचता आलं की कागद हलतो.

सोबत १९१२ वर फोन करून तक्रार नंबर घ्या आणि तो अर्जीवर लिहा. सात-आठ दिवसांत काही झालं नाही तर तीच अर्जी, पोच असलेली प्रत जोडून, सब-डिव्हिजनच्या एईईंकडे, म्हणजे सहाय्यक कार्यकारी अभियंत्यांकडे. तिथून डिव्हिजनच्या ईईंकडे, म्हणजे कार्यकारी अभियंत्यांकडे. तरीही नाही तर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर बेंगळूरचे विद्युत लोकपाल. मधली पायरी गाळू नका, मंचात पहिला प्रश्न हाच येतो की खाली लेखी दिलं होतं का.

लाईटचं म्हणाल तर थकबाकीसाठी तोडायची असली तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. वीज कायदा २००३, कलम ५६. त्याच कलमात आहे की वाद चालू असताना आक्षेप नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी, यातलं जे कमी ते भरलं तर तोडता येत नाही.

खानापूरवाला
पण मागचे सहा महिने झिरो भरलंय. मग सरासरीही झिरो?

निवृत्त_सेक्शनवाला
शब्दावर गेलं तर झिरोच. ऑफिस म्हणेल, तुमच्या वतीनं सरकारनं भरलंय, ते धरा.

सीमावासी
सरकारनं भरलं म्हणजे ग्राहकानं भरलं कसं होईल? कायद्यात ग्राहकानं भरलेली म्हटलंय.

निवृत्त_सेक्शनवाला
मंचात हेच मांडा. मी एवढंच म्हणेन की यावर लाईट पणाला लावू नका. नोटीस आली आणि निकाल लागला नसेल तर "आक्षेप राखून भरत आहे" असं लेखी देऊन भरा. आईंचं मशीन आहे घरात.

वडगावकर (१६ तारीख)
अपडेट देतो. ८ ला अर्जी दिली, शिक्का मिळाला. शब्द तुमचेच वापरले. साहेबांनी फोटो मोठा करून बघितला, हसले आणि लाइनमनला पाठवलं. ९ ला त्यानं चेक रीडिंग घेतलं, ८४४२. मीटरची काच आधी ओल्या फडक्यानं पुसली, ती काळी धूळ बघून मलाच लाज वाटली.

पण काम अर्धंच झालंय. काल विचारायला गेलो तर क्लार्क म्हणाले, साठ युनिट कमी करून बिल १४८ चं करतो, पण गृहज्योतीची सवलत सिस्टीममध्ये या महिन्यासाठी परत बसत नाही. म्हणजे १४८ युनिटांचे पैसे भरायचे?

निवृत्त_सेक्शनवाला
नाही. वापर १४८ मान्य केला म्हणजे तुम्ही कोट्यात आहात हेही मान्य केलं. सिस्टीमची अडचण त्यांची. "बसत नाही" हे लेखी मागा, नम्रपणे. लेखी देत नसतील तर तुम्हीच अर्जीत लिहा की अमुक तारखेला असं सांगण्यात आलं, आणि एईईंकडे द्या. चेक रीडिंगच्या नोंदीची प्रत जोडा.

वडगावकर
ती प्रत माझ्याकडे नाही. लाइनमननं वहीत लिहून नेलं.

निवृत्त_सेक्शनवाला
मग उद्या आधी तीच मागा. एईई नंतर.