मदत हवी आहे: जर्मन कॅलेंडरवरच्या सुट्ट्या मराठीत कशा लिहू?

नमस्कार मंडळी, आम्ही म्युनिकला राहतो, सासूबाई-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी त्यांच्यासाठी मराठीत चिठ्ठ्या चिकटवतेय, म्हणजे दूध-ब्रेड कधी मिळणार नाही ते कळेल. कारण इथे सुट्टी म्हणजे किराणा दुकान पूर्ण बंद, आपल्यासारखं कोपऱ्यावरचं दुकान अर्धं शटर उघडून देत नाही. चालू काय, तर बस-ट्रेन रविवारच्या टाइमटेबलने, पेट्रोल पंप, स्टेशनातली दुकानं आणि पाळीवर असलेलं एखादं मेडिकल.

अडलंय ते असं. १५ ऑगस्टला मारियेचं स्वर्गारोहण, म्युनिकमध्ये सगळं बंद, पण आमच्या बव्हेरिया राज्यात ही सुट्टी फक्त कॅथलिक जास्त असलेल्या गावांना, त्यामुळे दुसऱ्या गावी गेलो तर दुकानं उघडी असू शकतात. नोव्हेंबरात 'बूस उंड बेटटाग' हा प्रोटेस्टंट लोकांचा प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा दिवस येतो, तेव्हा इथे शाळा बंद पण दुकानं, ऑफिसं चालू, म्हणजे नातू घरी आणि आम्ही कामावर. मी नुसतं 'सुट्टी' लिहिलं तर सासूबाई आदल्या दिवशीच भाजी भरून ठेवतील. आणि २४ डिसेंबर लाल रंगात नाहीच, पण दुकानं दुपारी दोनपर्यंतच, पुढचे दोन दिवस कडक बंद.

तर 'शाळेला सुट्टी, बाजार चालू' आणि 'दोनपर्यंतच बाजार' याला छोट्या चौकोनात मावेल असा शब्द सुचवा ना. 'अर्धी सुट्टी' दोन्हीला चुकीचं वाटतंय.