टीव्हीचे पैसे समान वाटूनही मँचेस्टर सिटीच का?

डावखुरा: इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, टीव्हीचे पैसे बऱ्यापैकी समान वाटतात. तरी २०१८ ते २०२४ या सात हंगामांत सिटी सहा वेळा विजेती. मग समान वाटपाने चुरस वाढते हे खरं कसं मानायचं?

ओला चेंडू: कारण सिटीचं बळ या वाटपाच्या बाहेरून येतं. हिशोब करून बघा. देशातल्या हक्कांचे ४२०० रुपये आले असं धरू. निम्मे वीस क्लबांत सारखे, म्हणजे प्रत्येकी १०५. पाव हिस्सा क्रमांकावर: तळाच्याला एक वाटा, त्याच्या वरच्याला दोन, असं चढत पहिल्याला वीस. एकूण वाटे २१०, एका वाट्याचे ५ रुपये. विजेत्याला १००, तळाच्याला ५. राहिलेला पाव हिस्सा कोणाचे किती सामने थेट दाखवले त्यावर; तिथे पहिल्याला ८० आणि शेवटच्याला ३० मिळाले समजा. बेरीज २८५ आणि १४०, जेमतेम दुप्पट. परदेशी हक्कांचे पैसे बरेचसे सारखे वाटतात, ते मिसळले की अलीकडच्या हंगामांत हा फरक साधारण १.६ पटींवर येतो.

पण युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे पैसे, प्रायोजक, स्टेडियमची कमाई यातलं काहीच वाटलं जात नाही. पहिला नंबर तिथे ठरतो. टीव्हीच्या वाटपाचा परिणाम बघायचा तर आठव्या ते सतराव्या क्रमांकाकडे बघा. तिथला क्लब चांगला खेळाडू लगेच विकायला मजबूर नसतो.

पेठकर: मला मूळ कल्पनाच पटत नाही. लोक टीव्ही लावतात ते लिव्हरपूल, युनायटेडसाठी. ज्यांच्यामुळे पैसा येतो त्यांनी तो का वाटावा?

ओला चेंडू: लिव्हरपूल एकटं मैदानात उतरत नाही, समोर कोणीतरी लागतं. शिवाय लोकप्रियतेचा मोबदला या सूत्रात आहेच. २०१५-१६ मध्ये लेस्टर विजेते झाले, तरी टीव्हीचे पैसे दुसऱ्या आलेल्या आर्सेनलला जास्त मिळाले, कारण आर्सेनलचे सामने जास्त दाखवले गेले.

रविवारची मॅच: स्पेनचं उदाहरण घ्या ना. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना आपापले हक्क वेगळे विकायचे, बाकीच्यांच्या हाती चिल्लर. २०१५ मध्ये सरकारने कायदा करून एकत्र विक्री आणली आणि दोघांची मक्तेदारी संपली. अ‍ॅटलेटिको जिंकलंच की.

ओला चेंडू: कायद्याबद्दल बरोबर, परिणामाबद्दल अर्धंच. अ‍ॅटलेटिको २०१४ मध्येही जिंकलं होतं, कायद्याच्या आधी. नंतर २०२१ मध्ये. बाकी विजेतेपदं त्या दोघांकडेच. स्पेनच्या सूत्रात निम्मे पैसे सारखे आहेत, पण पाव हिस्सा मागच्या पाच हंगामांच्या कामगिरीवर आणि पाव हिस्सा प्रेक्षक व तिकिटांवर. म्हणजे नवा क्लब एक हंगाम जीव तोडून खेळला, तरी जुन्यांची आधीची चार वर्षं त्याच्या विरोधात मोजली जातात.

फरक खालच्या अंगाला पडला. एइबार हे सत्तावीस हजार वस्तीचं गाव. २०१४ मध्ये क्लब वर चढला तेव्हा नियमातलं भांडवल भरायला त्यांना लोकांना शेअर विकावे लागले. तो क्लब सलग सात हंगाम वरच्या लीगमध्ये राहिला. एवढ्याशा स्टेडियमच्या तिकिटांवर हे जमलं नसतं.

चढाई: आमच्या तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत गेल्या वर्षी पहिल्यांदा मोबाइलवर थेट प्रक्षेपण झालं. प्रायोजकाचे पैसे आले, ते आयोजकांनी गर्दी खेचणाऱ्या दोन मंडळांना दिले. आम्हाला एसटीचं भाडंही सुटलं नाही. यंदा आमच्यासारखी चार मंडळं आलीच नाहीत. कबड्डीला असा काही नियम आहे का?

ओला चेंडू: तालुका पातळीवर आयोजक ठरवतील तेच. प्रवेशिका भरण्याआधी सगळ्या मंडळांनी मिळून वाटप लेखी ठरवून घ्या. स्पर्धा सुरू झाल्यावर तुमचं कोणी ऐकणार नाही.

डावखुरा: म्हणजे इंग्लंडचं वाटप चांगलंच म्हणायचं?

ओला चेंडू: लीगच्या आत, हो. पण उंबऱ्याबाहेर खड्डा आहे. चॅम्पियनशिप या खालच्या लीगमध्ये घसरलेल्या क्लबला प्रीमियर लीग समान वाट्याच्या ५५ टक्के पैसे पहिल्या वर्षी देते, ४५ दुसऱ्या वर्षी आणि, तो वर एकापेक्षा जास्त हंगाम राहिला असेल तर, २० तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षीचे सुमारे साडेचार कोटी पौंड होतात. चॅम्पियनशिपमधल्या साध्या क्लबला प्रीमियर लीगकडून मिळतात ते सुमारे पन्नास लाख. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत नव्याने वर चढलेले तिन्ही क्लब लगेच खाली गेले. वर-खाली करणारा एक वेगळाच गट तयार होतोय. माझ्या मते हे पैसे बंद करून चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यांना सारखे वाटावेत.

पेठकर: इथे मी तुमच्या विरोधात. खेळाडूंचे करार तीन-चार वर्षांचे असतात. उत्पन्न एका उन्हाळ्यात कोसळलं तर पगार कुठून द्यायचे? हे पैसे नसतील तर वर चढलेला क्लब खेळाडू घ्यायलाच धजणार नाही, आणि तीन नव्हे, सहा क्लब आधीच हरलेले दिसतील.

ओला चेंडू: करारातच घसरल्यावर पगार कापण्याचं कलम घालता येतं, बरेच क्लब घालतात.

पेठकर: घालतात, पण चांगला खेळाडू त्यावर सही करतोच असं नाही.